सोलर नेट मीटर: अ‍ॅपवर ३४२ युनिट, बिलात एक्सपोर्ट २३१. बाकीचे गेले कुठे?

सुमेधा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, ७८ हजारांची सबसिडीही खात्यात आली. त्याबद्दल काही तक्रार नाही. डोकं फिरलंय ते बिलाने.

इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर नोव्हेंबर महिन्याचे ३४२ युनिट दिसतात. महावितरणच्या बिलात मात्र एक्सपोर्ट २३१ आणि इम्पोर्ट १९८ लिहिलंय. म्हणजे १११ युनिट हवेतच विरले? बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मीटर बरोबर आहे," आणि फोन ठेवला. दुसरं म्हणजे बिलावर आकारायचे युनिट शून्य, तरी दीडशे रुपये भरायला सांगितलेत. शून्य युनिटचे दीडशे कसले?

कोणी नीट समजावेल का? सासरे रोज सकाळी चहाबरोबर हाच विषय काढतात.

मिसळ_तर्रीबाज
१११ युनिट जायकवाडीला सोडले असतील. नाशिकचं जे काही जास्तीचं असतं ते तिकडेच जातं.

गंगापूररोडवाला
ताई, ट्रान्समिशन लॉस. पॅनेलपासून मीटरपर्यंत वायर लांब असेल तर वीज वाटेत जिरते. आमच्याकडेही असंच दिसतं. शिवाय एक्सपोर्ट केलेल्या युनिटला कंपनी आपल्याला कमी भाव देते आणि आपल्याला विकते ती महाग. म्हणून वॉशिंग मशीन, गीझर, मिक्सर सगळं दुपारी बारा ते तीनमध्ये चालवा. आम्ही तसंच करतो, बिल बरंच उतरलंय.

पंचवटीकर
बॅटरी किती अँपिअरची आहे? बॅटरीत साठलेले युनिट बिलात दिसणार नाहीत.

सुमेधा_इंदिरानगर
बॅटरी नाहीच आहे. ऑन-ग्रिड सिस्टीम आहे.

अण्णा_देवळाली
सुमेधाताई, मी वीज खात्यातून निवृत्त झालोय, मीटरिंगच्याच कामात बरीच वर्षं काढली. सावकाश सांगतो.

तुमच्या घरात विजेची तीन मोजमापं होतात, निर्मिती, एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट, पण बिलात त्यातली शेवटची दोनच येतात. इन्व्हर्टर मोजतो ती पॅनेलने तयार केलेली एकूण वीज. ती आधी तुमच्याच घरात शिरते. फ्रिज चालू असतो, पंखा चालू असतो, सासऱ्यांचा टीव्ही चालू असतो, ते सगळं तिथल्या तिथे ही वीज खातात. त्यातून उरलेलीच नेट मीटरमधून बाहेर जाते आणि एक्सपोर्ट म्हणून नोंदली जाते. घरातच वापरलेले युनिट नेट मीटरपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून ते बिलावर कुठेही दिसत नाहीत. तुमचे १११ युनिट हरवलेले नाहीत, ते तुम्हीच वापरलेत.

वायरमधला लॉस म्हणाल तर गच्चीपासून मीटरपर्यंत तो एक-दोन टक्क्यांचा मामला. १११ युनिट वायरीत जिरले असते तर वायर वितळली असती.

तरी एक करा. अ‍ॅप १ ते ३० तारीख धरतं, बिल धरत नाही. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात. अ‍ॅपमध्ये रोजची निर्मिती दिसते, तिची त्याच तारखांमधली बेरीज करा आणि इथे टाका.

सातपूरचा_फिटर
अण्णांना +१. मी हीच कामं करतो. दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हाच प्रश्न घेऊन येतं. आमच्यातले काही जण समजावत बसत नाहीत, कारण पैसे मिळालेले असतात.

दीडशेचं सांगतो. १३० रुपये स्थिर आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. कनेक्शन आहे तोवर हे द्यावंच लागतं, वर्षभर आकाश निरभ्र असलं तरी. "बिल शून्य" म्हणून जाहिरात करणाऱ्यांनी हे छोट्या अक्षरातही लिहिलेलं नसतं. थ्री फेज असेल तर स्थिर आकार याहून बराच जास्त.

सुमेधा_इंदिरानगर
बेरीज केली. बिलाच्या तारखांमध्ये अ‍ॅपवर ३३६ युनिट आहेत.

अण्णा_देवळाली
छान. आता हिशोब बघा.

तयार झाले ३३६. बाहेर गेले २३१. म्हणजे घरात थेट वापरले १०५. रात्री आणि ढगाळ वेळी बाहेरून घेतले १९८. तुमच्या घराचा खरा वापर १०५ अधिक १९८, म्हणजे ३०३ युनिट. सोलर बसवण्याआधीची गेल्या वर्षीची याच महिन्याची बिलं काढा, तीनशेच्या आसपास आकडा दिसला तर मीटर निःशंक बरोबर आहे.

बिलात काय होतं? इम्पोर्ट १९८ मधून एक्सपोर्ट २३१ वजा. ३३ युनिट तुमचे जास्त. ते पैशांत नाही, युनिटमध्येच पुढच्या बिलात जमा होतात. पुढच्या बिलावर मागील शिल्लक ३३ दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर मात्र ऑफिसला जा.

पूनम_सिडको
अण्णाकाका, आमच्या बहिणीचं ऐका. पाथर्डी फाट्याला राहते. सोलर लागलं तेव्हा फिटिंगवाला म्हणाला, नेट मीटर यायला वेळ आहे, तोवर चालू करून टाका, वीज कशाला फुकट घालवता. तिने केलं. पुढचं बिल आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट! तिला वाटलं पॅनेलच वीज खातंय. आठवडाभर मेव्हण्यांशी भांडण.

सातपूरचा_फिटर
हे पाप आमच्या धंद्यातल्याच कोणाचं तरी आहे. जुना साधा इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेला जाते ते बघत नाही. आत आली तरी पुढे, बाहेर गेली तरी पुढेच. तुम्ही दुपारी दहा युनिट बाहेर ढकलले की तो ते दहा युनिट वापरले म्हणून चढवतो. पूर्वीचे चकतीचे मीटर उलटे फिरायचे, ती गोष्ट वेगळी. नेट मीटर लागून त्याचं टेस्टिंग होईपर्यंत सोलरचा ब्रेकर खालीच ठेवायचा. फुकट जाऊ दे पंधरा दिवसांची वीज.

अण्णा_देवळाली
पूनमताई, नेट मीटर लागल्यावरही एक गोष्ट तपासायला सांगा बहिणीला. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलात कधीकधी सिस्टीममध्ये ग्राहकाची नोंद जुन्याच प्रकारची राहते. मग इम्पोर्ट आकारला जातो आणि एक्सपोर्टचा रकाना रिकामा किंवा शून्य येतो. मीटर मोजत असतो, बिल वाचत नाही. मीटरवरचं एक्सपोर्ट रीडिंग जपून ठेवलं असेल तर दुरुस्ती होते, फक्त अर्ज करावा लागतो.

घरच्या घरी तपासायचं तर भर दुपारी ऊन असताना घराकडे जाणारे एमसीबी बंद करा, सोलरचा तेवढा चालू ठेवा. मीटरचा डिस्प्ले आपोआप एकेक आकडा दाखवत जातो. माझ्या मीटरवर `kWh IMP` आणि `kWh EXP` असं येतं, कंपनीप्रमाणे थोडं वेगळं दिसेल. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. एक्सपोर्ट चढलं पाहिजे आणि इम्पोर्ट जागचं हलता कामा नये. इम्पोर्टच चढत असेल तर मीटर उलटा जोडलाय किंवा दुहेरी नाहीच.

गंगापूररोडवाला
अण्णा, वायरचं राहू द्या. पण दुपारी मशीन लावलं तर फायदा होतोच ना? माझं बिल उतरलंय हे सत्य आहे.

अण्णा_देवळाली
साहेब, बिल सोलरमुळे उतरलंय, मशीनच्या वेळेमुळे नाही.

सुमेधाताईंचेच आकडे घ्या. समजा त्यांनी रात्रीचे ४० युनिटचे काम दुपारी केले. इम्पोर्ट १९८ चा १५८ होईल. पण दुपारी ते ४० युनिट घरातच वापरले गेले, म्हणून एक्सपोर्टही २३१ चा १९१ होईल. १९१ वजा १५८ किती? तेच ३३. नेट मीटरिंगमध्ये वजाबाकी एकास एक आहे. वर्षाच्या आत एक्सपोर्टच्या युनिटला कमी भाव वगैरे काही नाही, युनिटला युनिट फिटतं.

तुम्ही म्हणता तो फरक नेट बिलिंगच्या करारात पडतो. तिथे तुम्ही दिलेल्या विजेला ठरलेला दर आणि घेतलेल्या विजेला पूर्ण दर. तुमच्या करारावर काय लिहिलंय ते बघा.

गंगापूररोडवाला
करारावर नेट मीटरिंगच लिहिलंय. बायकोला आता काय सांगू? वर्षभर बाराच्या उन्हात गच्चीवर कपडे वाळत घालायला लावलेत.

मिसळ_तर्रीबाज
तिला हा धागा दाखवू नका.

निलेश_आडगाव
पण स्मार्ट मीटर लागल्यावर हे चालणार नाही म्हणतात. दिवसाचं युनिट दिवसालाच वळतं होणार आणि रात्रीचं सगळं पूर्ण दराने. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. मी त्यामुळेच थांबलोय.

अण्णा_देवळाली
वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकांसाठी तशी तरतूद आहे. ज्या वेळेत वीज दिली, त्याच वेळेतल्या वापराशी आधी वळती करायची, आणि उरलेली ऑफ-पीकमध्ये दिली असं धरायचं. कारखाने, मोठी दुकानं यांना हे आधीपासून लागू आहे. घरगुती ग्राहकाला सध्या स्मार्ट मीटरवर दिवसाच्या वापरात थोडी सूट आहे, रात्रीचा दंड नाही. माझ्याकडे स्मार्ट मीटर लागलाय आणि बिल अजून सरळ वजाबाकीचं येतंय. पुढे काय होईल याची हमी मी देत नाही.

निलेश_आडगाव
म्हणजे धोका आहेच. असो. माझा खरा प्रश्न: माझा वापर महिना ३०० च्या घरात. एक जण म्हणतो ५ किलोवॅट लावा, उरलेली वीज विकून पैसे कमवा. लावू का?

सातपूरचा_फिटर
तो विकणारा आहे, म्हणून म्हणतो. सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजारांवर थांबते. वरचे दोन किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून.

अण्णा_देवळाली
निलेश, इथे दोन गोष्टी समजून घे. शिल्लक युनिट आयुष्यभर साठत नाहीत. आर्थिक वर्ष संपलं, ३१ मार्च उलटला की जमा शून्यावर येते. उरलेले युनिट कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि ती रक्कम बिलात जमा होते. तो दर तू भरतोस त्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्याच्यासाठी पॅनेल लावणं परवडत नाही.

दुसरं, स्लॅब. वजाबाकी झाल्यावर जे युनिट उरतात त्यांनाच स्लॅब लागतो, आणि तो खालून मोजतात. वहन आकार धरून पहिले १०० युनिट साधारण सहा रुपयांना पडतात, शंभराच्या वरचे तीनशेपर्यंत अकराला. म्हणजे सोलरचे युनिट आधी तुझे महाग युनिट खोडतात. ३०० चे १०० केलेस तर मोठी बचत तिथेच झाली. शेवटचे शंभर खोडायला लावलेलं पॅनेल तेवढं कमवत नाही, आणि त्याहीपुढचं तर जवळजवळ फुकट राबतं. एसी वाढणार असेल, विजेवर चालणारी गाडी घेणार असशील, तर गोष्ट वेगळी.

सुमेधा_इंदिरानगर
अण्णाकाका, ३१ मार्चचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं! आमचे आता साठतायत ते सगळे जातील?

अण्णा_देवळाली
सगळे म्हणजे मार्चअखेर उरतील तेवढे. आपल्या नाशिकला ही तारीख फार अडचणीची आहे. माझ्याही घरी ३ किलोवॅटच आहे. माझं गेलं वर्ष सांगतो, आकडे गोल करून.

एप्रिल-मे मध्ये ऊन मोप, निर्मिती चारशेच्या जवळ. पण एसी चालतो, वापर ४२०, ४४०. दोन महिन्यांत मिळून ७० युनिट भरावे लागले. मग पावसाळा. जुलै-ऑगस्टला आभाळ असं दाटतं की महिन्याला दोनशेच्या आसपास निर्मिती, वापर २६०-२७०. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आणखी १६० युनिट भरले. सहा महिन्यांत एकूण २३०.

ऑक्टोबरपासून चित्र उलटतं. आभाळ स्वच्छ, पंखेही बंद, गीझर गॅसवर. दर महिन्याला ७०, ९०, ११० असे साठत गेले आणि मार्चअखेर शिल्लक ५०० झाली. ती स्वस्तात गेली. एप्रिलला पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि नेमका एसीचा मोसम.

वर्षाची निर्मिती ३८४०, वापर ३५७०. म्हणजे वर्षभराचा हिशोब धरला तर मी वापरापेक्षा २७० युनिट जास्तच तयार केले, तरी २३० युनिटचे पैसे भरले. हेच वर्ष सप्टेंबरअखेर संपत असतं तर हिवाळ्यातली शिल्लक उन्हाळा-पावसाळ्यात वापरली गेली असती आणि एकाही युनिटचे पैसे भरावे लागले नसते.

तरी फार जिवाला लावून घेऊ नका. ते २३० युनिट सहा महिन्यांत विभागलेले, कुठल्याच महिन्यात शंभराच्या वर नाहीत. म्हणजे सगळे खालच्या स्लॅबचे. शुल्क धरून वर्षाला दीड-दोन हजारांच्या आत प्रकरण आटोपतं.

पूनम_सिडको
काका, मग हिवाळ्यात गीझर विजेवर घ्यायचा का? युनिट तसेही जाणारच.

अण्णा_देवळाली
प्रश्न चांगला आहे. फेब्रुवारीत शिल्लक बघा. मार्चमध्येही ती संपणार नाही असं दिसलं तर जाणारं युनिट वापरायला काय हरकत आहे? सिलिंडर तेवढा वाचेल. मी गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून इंडक्शन शेगडी काढली होती, घरातल्यांना भाकरी त्यावर जमेना, पण डाळ-भात-चहा निघाला.

सातपूरचा_फिटर
अण्णा, एका गोष्टीला माझा विरोध आहे. तुमची शिल्लक ५०० येते कारण पॅनेल स्वच्छ आहेत. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी जिकडे तिकडे रस्ते खणलेत. धुळीने निर्मिती कशी बसते ते मी रोज बघतो. द्वारका ते आडगाव पट्ट्यातल्या लोकांनी हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी सकाळी पॅनेल धुवा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. आणि मेंटेनन्सच्या दिवशी लाइट गेली की सोलरही बंद पडतं, तो दिवस निर्मितीतून वजा धरा. तक्रार करू नका, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठीच ती सोय असते.

पंचवटीकर
म्हणून म्हणत होतो बॅटरी घ्या.

मिसळ_तर्रीबाज
पंचवटीकरांचं बॅटरीचं दुकान आहे का?

पंचवटीकर
मेव्हण्याचं आहे.

निलेश_आडगाव
एक शंका राहिली. आमच्याकडे थ्री फेज कनेक्शन आहे आणि फिटिंगवाला सिंगल फेज इन्व्हर्टर लावतो म्हणतोय. म्हणजे एका फेजवर वीज बाहेर जाणार आणि बाकीच्या दोन फेजवर आत येणार. नुकसान?

अण्णा_देवळाली
युनिटचं नुकसान नाही. मीटरने आत्ताच्या आत्ता तिन्हींची बेरीज-वजाबाकी केली काय, किंवा दोन्ही वेगवेगळे नोंदवले आणि महिन्याअखेर बिलाने वजा केले काय, उत्तर एकच येतं. एका फेजवर व्होल्टेज चढून इन्व्हर्टर वारंवार बंद पडत असेल तर मात्र निर्मिती घटेल. ते अ‍ॅपवर दिसतं, भर दुपारी आलेख एकदम शून्याला टेकतो.

सुमेधा_इंदिरानगर
डिसेंबरचं बिल आलं. मागील शिल्लक ३३ बरोबर आली आहे आणि या महिन्याचे आणखी ५२ जमा झालेत, एकूण ८५. गेल्या वर्षीची बिलंही काढली, नोव्हेंबरचा वापर २९५ होता. सासऱ्यांनी वहीत निर्मिती, इम्पोर्ट, एक्सपोर्ट असे तीन रकाने आखलेत, रोज सकाळी मीटरपाशी उभे असतात.

एकच गोष्ट कळली नाही. आमचं रीडिंग महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास होतं. मग १० मार्च ते ३१ मार्चचे युनिट कुठल्या वर्षात धरणार? जुन्यात की नव्यात?

गंगापूररोडवाला
जुन्यात. ३१ मार्च म्हणजे ३१ मार्च.

सातपूरचा_फिटर
कागदावर तसं असेल. ३१ मार्चला रात्री बारा वाजता रीडिंग घ्यायला कोण येणार? माझ्या गिऱ्हाइकांत काहींची शिल्लक मार्चच्या बिलात निघाली, काहींची एप्रिलच्या.

अण्णा_देवळाली
मीही दोन्ही प्रकार पाहिलेत. सुमेधाताई, सासऱ्यांना म्हणावं ३१ मार्चला संध्याकाळी दोन्ही रीडिंगचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. एप्रिलच्या बिलात शिल्लक किती धरली आणि तिचे पैसे जमा दाखवलेत का, ते त्यावरून ताडून बघता येईल. बिल इथे टाका, ग्राहक क्रमांक झाकून.